आधी सोडत ठरवा, मग पोस्ट लिहा

एप्रिल जवळ आला की पुस्तकांच्या दुकानांकडून बक्षीस योजनांच्या जाहिराती येऊ लागतात. २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन. युनेस्कोने तो १९९५ साली जाहीर केला. त्या निमित्ताने चार वाचकांना पुस्तके भेट द्यावीत, दुकानाचे नाव चार नव्या घरांत पोहोचावे, हा हेतू चांगलाच आहे. पण इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर बहुतेक वेळा असा असतो:

“पुस्तकप्रेमींनो, खास तुमच्यासाठी! आमच्या पेजला फॉलो करा, ही पोस्ट लाइक करा, तीन मित्रांना टॅग करा, स्टोरीला शेअर करा आणि जिंका आकर्षक पुस्तके! भाग्यवान विजेत्यांची नावे लवकरच जाहीर होतील.”

वाचताना यात काही खटकत नाही. अडचण सुरू होते ती विजेते निवडायला बसल्यावर. आकर्षक पुस्तके म्हणजे नेमकी कोणती? विजेते किती? ज्याने चौघांना टॅग केले त्याची एक नोंद की दोन? स्टोरी चोवीस तासांत नाहीशी होते. मग चार दिवसांपूर्वी कोणी ती टाकली होती, हे आज कसे तपासणार? ज्यांचे खाते खासगी आहे त्यांची स्टोरी तर दुकानाला मुळात दिसतच नाही. म्हणजे दुकानाने चार अटी घातल्या आणि त्यातली एक तरी अशी की जी पाळली गेली की नाही, हे दुकानालाच कळू शकत नाही. मग निवड अंदाजाने होते, आणि कोणीतरी विचारते, “मीही सगळं केलं होतं, माझं नाव का नाही?” या प्रश्नाला दुकानदाराकडे उत्तर नसते.

म्हणून बक्षीस योजनेची पोस्ट शेवटाकडून लिहायला घ्यावी. विजेता कसा निवडणार आणि तो योग्य रीतीने निवडला हे कसे दाखवणार, हे आधी ठरवायचे. ते ठरले की नोंद कशी घ्यायची, मुदत कोणती ठेवायची, कोणाला भाग घेऊ द्यायचा, हे त्यातूनच ठरत जाते. मजकूर सगळ्यात शेवटी.

एक उदाहरण घेऊन हे सगळे करून पाहू. समजा, तालुक्याच्या गावी एक पुस्तकांचे दुकान आहे. मालक आणि एक मदतनीस अशी दोनच माणसे. पुस्तक दिनानिमित्त त्यांना तीन वाचकांना प्रत्येकी तीन पुस्तकांचा संच द्यायचा आहे.

पहिला निर्णय: निवड नशिबाने की गुणवत्तेने? “तुमच्या आवडत्या पुस्तकाबद्दल दोन ओळी लिहा, सर्वोत्तम उत्तराला बक्षीस” असे म्हटले की ती स्पर्धा झाली. मग परीक्षक कोण, कशाला किती गुण, दोघांचे गुण सारखे आले तर काय, हे सगळे आधी लिहावे लागते. चिठ्ठी काढायची असेल तर ती सोडत, आणि तिथे उत्तर चांगले की वाईट याला काहीच महत्त्व नसते. या दोहोंची सरमिसळ सगळ्यात घातक. “छान छान उत्तरे द्या, भाग्यवान विजेता निवडला जाईल” असे लिहिले की मन लावून लिहिणाऱ्याला वाटते आपले उत्तर वाचले जाणार, आणि दुकान मात्र चिठ्ठी काढणार असते. दोन माणसांच्या दुकानाला सोडत सोपी पडते, म्हणून आपण सोडत धरू. भिशीची चिठ्ठी सगळ्यांसमोर निघते म्हणून त्यावर कोणी शंका घेत नाही. इथेही तेच साधायचे आहे.

दुसरा निर्णय: नोंद म्हणजे काय? सोडत चोख व्हायची असेल तर प्रत्येक नोंद मोजता आली पाहिजे आणि एका माणसाच्या दोन नोंदी ओळखता आल्या पाहिजेत. कमेंटमध्ये फक्त खात्याचे नाव दिसते. एकाच माणसाची तीन खाती असली तर ते कळायला मार्ग नाही. टॅग करण्याच्या अटीत आणखी एक गोम आहे. फेसबुकच्या नियमांनुसार “स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर केले तरच नोंद धरू” अशी अट घालता येत नाही, आणि जो माणूस फोटोत नाही त्याला फोटोत टॅग करायला लावणे इन्स्टाग्रामलाही मान्य नाही. म्हणून आपले दुकान पोस्ट फक्त जाहिरातीपुरती वापरेल आणि नोंद घेईल दुकानाच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर. वाचकाने तीन गोष्टी पाठवायच्या: नाव, गाव आणि यंदा मित्राला भेट द्यावेसे वाटणारे एक पुस्तक. पुस्तकाच्या नावाचा निवडीशी संबंध नाही, हे पोस्टमध्ये स्पष्ट लिहायचे. दुकानाला मात्र त्यातून आपल्या भागातले वाचक काय वाचतात याची यादी मिळते, आणि ती पुढची खरेदी करताना उपयोगी पडते.

या पद्धतीत मोबाइल क्रमांक हीच नोंदीची ओळख ठरते. म्हणून नियमही तसाच लिहायचा: “एका मोबाइल क्रमांकावरून एकच नोंद.” “एका व्यक्तीची एकच नोंद” हे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण दोन सिमकार्डे असलेला माणूस दुकानाला ओळखता येणार नाही. जो नियम तपासता येतो तोच लिहावा. दोन क्रमांकांवरून नोंद करणाऱ्याला आवर घालायला आणखी एक तपासता येणारा नियम पुरतो: “एका पत्त्यावर एकच संच.” पुस्तके पाठवताना पत्ता समोर येतोच.

ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप नाही, अशा वाचकांनी दुकानात येऊन वहीत नाव लिहिले तरी चालावे. पण वही एकच असावी आणि ती गल्ल्यापाशी, फोनशेजारी असावी. व्हॉट्सॲपवरची नोंद एकाने मोबाइलमध्ये ठेवली आणि दुकानातली दुसऱ्याने वहीत लिहिली की क्रमांक एकमेकांवर चढतात. प्रत्येक नोंद त्याच वहीत, आलेल्या क्रमाने, आणि लगेच उलट निरोप: “तुमची नोंद झाली. तुमचा सोडत क्रमांक ४७.” हा छोटासा निरोप साऱ्या योजनेचा कणा आहे. आपला क्रमांक वाचकाला माहीत असला की सोडतीच्या दिवशी कोणता क्रमांक निघाला हे तो स्वतः पडताळून पाहू शकतो.

तिसरा निर्णय: मुदत. “२० तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत” असे लिहू नये. ती मध्यरात्र १९ आणि २० च्या मधली की २० आणि २१ च्या मधली, यावर माणसे खरोखर वाद घालतात. शिवाय रात्री बाराला दुकानात कोणी नसते. दुकान उघडे असते तेव्हाची वेळ द्यावी: “मंगळवार, २० एप्रिल, रात्री ८ वाजेपर्यंत.” तारखेसोबत वार लिहिला की छपाईची चूकही लगेच लक्षात येते. वर्षही लिहायचे, आणि चित्रावरच लिहायचे. व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेली चित्रे वर्षानंतरही फिरत राहतात. त्यावर वर्ष नसेल तर पुढच्या एप्रिलमध्ये लोक जुन्या योजनेसाठी फोन करतात. मुदत आणि सोडत यांच्यात दोन-तीन दिवस ठेवावेत. वही तपासायला, दुबार नोंदी काढायला, चिठ्ठ्या करायला तेवढा वेळ लागतोच.

चौथा निर्णय: बक्षीस. “आकर्षक पुस्तके” किंवा “एक हजार रुपयांपर्यंतची बक्षिसे” असे शब्द टाळावेत. कोणती पुस्तके, किती प्रती, नवी की वापरलेली, हे लिहावे, आणि पोस्ट टाकण्याआधी तेवढ्या प्रती कपाटात वेगळ्या काढून ठेवाव्यात. नंतर “ते संपलं, हे घ्या” म्हणावे लागले की सगळा विश्वास जातो. फोटोही त्याच प्रतींचा काढावा. पाठवणीचा खर्च कोणाचा, हे मराठी दुकानांच्या पोस्टमध्ये सहसा राहून जाते. पुणे-मुंबईपलीकडे, अमेरिकेत, आखाती देशांतही मराठी वाचक आहेत, आणि तेही हौसेने भाग घेतात. परदेशी पार्सलचा खर्च पुस्तकांच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. म्हणून नियम असा ठेवायचा: भाग कोणीही घ्यावा, पण पुस्तके भारतातल्याच पत्त्यावर पाठवू. मग न्यू जर्सीतली लेक सांगलीच्या आईसाठी नोंद करू शकते.

एवढे ठरल्यावर मजकूर लिहायला फार वेळ लागत नाही. आपल्या दुकानाची पोस्ट अशी होईल:

जागतिक पुस्तक दिन २०२७: तीन वाचकांना तीन-तीन पुस्तके भेट
नोंदणी मंगळवार, २० एप्रिल २०२७, रात्री ८ पर्यंत. खरेदीची अट नाही. प्रवेश मोफत.

बक्षीस: तीन विजेते. प्रत्येकाला ‘बनगरवाडी’, ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘युगांत’ या पुस्तकांची प्रत्येकी एक नवी प्रत. त्याऐवजी रोख रक्कम मिळणार नाही.

भाग कसा घ्यावा:
१. दुकानाच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर “पुस्तक दिन” असे लिहून निरोप पाठवा.
२. त्याच निरोपात तुमचे नाव, गाव आणि मित्राला भेट द्यावेसे वाटणारे एक पुस्तक लिहा.
३. आमच्याकडून सोडत क्रमांक येईल, तो जपून ठेवा. २४ तासांत क्रमांक आला नाही तर दुकानात फोन करा.
व्हॉट्सॲप नसेल तर दुकानात येऊन वहीत नोंद करा.

नियम:
वय १८ पूर्ण हवे. मुलांसाठी पालकांनी स्वतःच्या नावाने नोंद करावी.
एका मोबाइल क्रमांकावरून एकच नोंद. एका पत्त्यावर एकच संच.
निरोप पोहोचल्याची आमच्या फोनवरची वेळ धरली जाईल.
दुकानात काम करणारे आणि त्यांच्या घरचे भाग घेऊ शकत नाहीत.
पुस्तकाच्या नावाचा निवडीशी संबंध नाही. निवड फक्त सोडतीने होईल.

सोडत: शुक्रवार, २३ एप्रिल २०२७, संध्याकाळी ६ वाजता, दुकानात, सर्वांसमोर. इन्स्टाग्रामवर थेट दिसेल. निकाल त्याच रात्री इथेच आणि दुकानाच्या फलकावर.

पुस्तके कशी मिळतील: विजेत्यांना आम्ही याच क्रमांकावरून फोन करू. शुक्रवार, ३० एप्रिलपर्यंत पत्ता कळवा. तोवर उत्तर आले नाही तर संच राखीव यादीतल्या पुढच्या क्रमांकाला जाईल. भारतात पाठवणीचा खर्च आमचा.

सावधान: आम्ही बक्षिसासाठी पैसे, ओटीपी किंवा बँकेची माहिती कधीही मागत नाही.

तुमचा क्रमांक फक्त या योजनेसाठी वापरू आणि ३१ मे २०२७ ला नोंदी काढून टाकू. इन्स्टाग्रामचा या योजनेशी संबंध नाही. इन्स्टाग्रामने ती चालवलेली, पुरस्कृत केलेली किंवा मान्य केलेली नाही, आणि भाग घेणारे इन्स्टाग्रामला तिच्याबाबत जबाबदार धरणार नाहीत.

हा मजकूर लांब वाटेल, पण त्याची रचना पाहा. इन्स्टाग्रामवर मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. बाकीचा भाग बोट लावल्यावर उघडतो. म्हणून बक्षीस, मुदत आणि “खरेदीची अट नाही” या तीन गोष्टी अगदी वर. चित्रावरही तेवढ्याच गोष्टी आणि व्हॉट्सॲप क्रमांक. मजकुरात दिलेल्या दुव्यावर तिथे बोट लावून जाता येत नाही, त्यामुळे क्रमांक चित्रात मोठ्या अक्षरात हवाच. पायऱ्या आणि नियम वेगळे ठेवले आहेत, कारण पायऱ्या प्रत्येकाने वाचायच्या असतात आणि नियम शंका आली की पाहायचे असतात. दोन्ही एकत्र कालवले की माणूस पहिली पायरीच चुकतो. इन्स्टाग्रामशी संबंध नसल्याची ओळ शोभेची नाही: तिथे बक्षीस योजना जाहीर करणाऱ्याने ती लिहिणे त्यांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

“आयोजकांना कधीही नियम बदलण्याचा अधिकार आहे” हे वाक्य इथे मुद्दामच नाही. ते लिहिले की वरचा प्रत्येक शब्द सैल पडतो. पावसामुळे किंवा वीज गेल्यामुळे सोडत पुढे ढकलावी लागली तर नवी तारीख त्याच जागी जाहीर करावी. बाकी काही बदलू नये.

“खरेदीची अट नाही” या शब्दांमागे कायद्याचे कारण आहे. पाचशेची खरेदी करा, कूपन घ्या आणि सोडतीत भाग घ्या, अशा योजना बाजारपेठेत सर्रास दिसतात. पण पैसे, नशीब आणि बक्षीस या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी मानली जाण्याचा धोका असतो, आणि परवानगीवाचून चालवलेली लॉटरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ नुसार गुन्हा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यातही अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या बरीच व्यापक आहे. देण्याचा हेतू नसताना बक्षीस जाहीर करणे, किमतीतच वसूल केलेली वस्तू फुकट म्हणून दाखवणे, विक्री किंवा धंद्याच्या वाढीसाठी सोडती आणि स्पर्धा घेणे, आणि योजना संपल्यावर निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवून ठेवणे, हे सारे तिच्यात येते. तेव्हा खरेदी आणि बक्षीस यांची गाठ न मारणे हे पहिले पथ्य. तीन संचांपेक्षा मोठे काही करायचे असेल, महागड्या वस्तू द्यायच्या असतील किंवा कूपन छापायचे असेल, तर आधी वकिलाला मजकूर दाखवावा. मुलांचे मोबाइल क्रमांक गोळा करू नयेत, कारण डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नोंद पालकांच्या नावाने, हा नियम त्यासाठीच आहे.

आता सोडतीचा दिवस. समजा १५२ जणांनी नोंद पाठवली. त्यातले चौघे दुसऱ्यांदा आलेले आणि दोघांचे निरोप आठनंतर पोहोचलेले. सहाजणांना क्रमांक दिला नाही आणि का दिला नाही हे त्यांना तेव्हाच कळवले. उरले १४६. सारख्या आकाराच्या, सारख्याच घडीच्या १४६ चिठ्ठ्या, त्यांवर फक्त क्रमांक. चित्रफीत सुरू केल्यावर आधी सांगायचे: एकूण निरोप किती, बाद किती, चिठ्ठ्या किती. मग दुकानात आलेल्या एखाद्या ग्राहकाकडून सहा चिठ्ठ्या काढायच्या. पहिल्या तीन विजेत्यांच्या, पुढच्या तीन त्याच क्रमाने राखीव. राखीव चिठ्ठ्या त्याच वेळी काढणे फार महत्त्वाचे. एक विजेता सापडला नाही म्हणून आठवड्याने दुकानदाराने एकट्यानेच चौथे नाव जाहीर केले, तर पहिल्या तीन नावांवरही संशय येतो.

चिठ्ठ्यांऐवजी संगणकावर `=RANDBETWEEN(1,146)` लिहूनही आकडा काढता येतो. मात्र तक्त्यात कुठेही काही बदलले की हा आकडा पुन्हा नवा होतो. त्यामुळे पडद्यावरचे एखादे चित्र पुरावा म्हणून दाखवता येत नाही. पडद्याचे चित्रण अखंड हवे. दुकानात माणसे जमणार असतील तर चिठ्ठ्या सरस, कारण त्या सगळ्यांना कळतात.

सगळ्यात मोठा धोका निकालानंतर येतो. दुकानाचेच नाव, तोच फोटो, नावात एखादे अक्षर इकडेतिकडे, असे बनावट खाते उघडून भामटे भाग घेणाऱ्यांना निरोप पाठवतात: “अभिनंदन, तुम्ही जिंकलात! पाठवणीसाठी ९९ रुपये भरा.” रक्कम इतकी छोटी की माणूस विचार न करता भरतो, किंवा दिलेल्या दुव्यावर बँकेची माहिती टाकतो. कमेंटमधून नोंद घेणाऱ्या योजनांत हे विशेष घडते, कारण भाग घेणाऱ्यांची आयती यादी जगजाहीर असते. आपल्या योजनेत नोंदी दुकानाच्या फोनमध्येच आहेत, त्यामुळे धोका कमी होतो. पण संपत नाही. म्हणून “आम्ही पैसे मागत नाही” ही ओळ पोस्टमध्ये, क्रमांक देणाऱ्या उत्तरात आणि निकालात, तिन्ही ठिकाणी हवी. बनावट खाते दिसताच त्याची तक्रार त्या मंचावर करावी आणि आपल्या पानावर लगेच सूचना लावावी. कोणाचे पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लवकरात लवकर फोन करायला सांगावे.

निकालात काय लिहावे आणि काय लिहू नये, हेही ठरलेले असावे. सोडत क्रमांक, पहिले नाव आणि गाव पुरे. आडनाव, मोबाइल क्रमांक किंवा पत्ता छापू नये. विजेत्याचा फोटो त्याने होकार दिला तरच. सोबत आकडे द्यावेत: १५२ निरोप, ६ बाद, १४६ चिठ्ठ्या, ३ विजेते, ३ राखीव. आणि पुस्तके रवाना झाल्यावर त्याच जागी आणखी एक ओळ: तिन्ही संच पाठवले, अमुक तारखेला. बक्षीस खरेच दिले गेले, हे न जिंकलेल्या १४३ जणांना त्या ओळीवरूनच कळते.

पोस्ट टाकण्यापूर्वी एक चाचणी मात्र चुकवू नये. योजनेबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला मजकूर वाचायला द्यावा. शेजारचा दुकानदार चालेल, कॉलेजात जाणारी भाची चालेल. वाचून झाल्यावर कागद काढून घ्यावा आणि विचारावे: काय मिळणार, कोणाला मिळणार, तुम्ही नेमके काय करायचे, कधीपर्यंत, विजेता कसा ठरणार, आणि जिंकलात हे तुम्हाला कसे कळणार? सहांपैकी एका जरी प्रश्नाला “बहुतेक” असे उत्तर आले, तर ती ओळ पुन्हा लिहावी. “बहुतेक” म्हणणाऱ्या वाचकाचा फोन सोडतीनंतर येण्याऐवजी त्याची शंका आदल्या दिवशीच फिटलेली बरी.